दोन माणसं, शंभर रुपये आणि पन्नास सेकंद

इंदूरला लोकमान्य नगरात एक काकू घरगुती भाजणी, मेतकूट, लाडू, चकल्या असा माल करून विकतात. ऑर्डर व्हॉट्सअॅपवर येतात आणि मुलगा स्कूटरवरून सुदामा नगर, राजेंद्र नगर, कधी विजय नगरपर्यंत पोचवून येतो. जाहिरातीचं म्हणाल तर एका घराने दुसऱ्या घराला सांगावं, एवढीच. म्हणून त्यांनी ठरवलं, की जो ग्राहक नवीन ग्राहक आणेल त्याला काहीतरी द्यायचं. मी लहान दुकानांसाठी व्हिडिओ करतो, म्हणून काम माझ्याकडे आलं. मागणी एकच होती : "लोकांनी एकदा बघितलं की कळलं पाहिजे. मला दिवसभर फोनवर समजावत बसायला वेळ नाही रे."

योजना त्यांनी वहीच्या पानावर लिहून ठेवली होती. जुन्या ग्राहकाला दीडशे, नव्याला पन्नास. नव्याची पहिली ऑर्डर पाचशेच्या वर हवी. जुन्याने दीडशे वापरायचे तर त्याची पुढची ऑर्डर तीनशेच्या वर हवी आणि ते तीन महिन्यांच्या आत वापरायला हवेत. महिन्याला एका ग्राहकाने जास्तीत जास्त पाच जण आणायचे. लाडवांवर सूट नाही.

हे वाचून मी कॅमेरा काढलाच नाही. सहा अटींची योजना कितीही सुबक चित्रांनी मांडली तरी एका बघण्यात कुणाच्या डोक्यात राहत नाही. असल्या कामात निम्मी मेहनत चित्रीकरणाआधी होते, हे मी आता पैसे ठरवतानाच सांगून टाकतो. आधी योजना सांगण्याजोगी करायची, मग ती सांगायची.

तर काकूंच्या स्वयंपाकघरात बसून आम्ही एकेक अट हातात घेतली. दीडशे आणि पन्नास मिळून दोनशे होतात. तेच दोनशे दोघांना शंभर-शंभर वाटले तर काकूंच्या खिशाला जवळपास तेवढाच भार पडतो, पण बघणाऱ्याला एकच आकडा लक्षात ठेवावा लागतो. शिवाय दोघांना सारखंच मिळतंय म्हटल्यावर शेजारणीला सांगताना संकोच वाटत नाही. ओळखीतल्या बाईला ग्राहक करून आपण दीडशे घ्यायचे आणि तिला पन्नास, हे सांगायला जरा अवघडच.

पाचशेची अट मात्र काढता येत नव्हती, आणि का ते हिशेब मांडल्यावर कळलं. काकूंचा माल, पॅकिंग, पेट्रोल धरून शंभराच्या विक्रीमागे साधारण पासष्ट रुपये जातात. नव्या बाईने पाचशेचा माल घेतला तर ती देणार चारशे, आणि काकूंचा खर्च तीनशे पंचवीस. उरले पंच्याहत्तर. जुन्या ग्राहकाला पुढच्या वेळी शंभराचा माल फुकट जाणार, म्हणजे काकूंचे पासष्ट गेले. हातात राहिले दहा. हीच पहिली ऑर्डर चारशेची असती तर आधी चाळीस उरले असते आणि पासष्ट देऊन पंचवीस रुपये पदरचे गेले असते. तोटा आणि नफा यांची सीमा चारशे सत्तरच्या आसपास येते, ती सोयीसाठी पाचशे. हा हिशेब व्हिडिओत कुठेही नाही. ग्राहकाला त्याचं काय करायचंय? पण मला तो माहीत असल्यामुळे कोणती अट हटवायची आणि कोणती ठासून सांगायची, हे ठरवता आलं.

याच हिशेबावरून आणखी एक गोष्ट पक्की झाली. शंभर रुपये मालातच वळते करायचे, रोख द्यायचे नाहीत. रोख दिले तर पासष्टऐवजी पुरते शंभर जातात आणि पाचशेच्या ऑर्डरवर काकूंना पंचवीसचा तोटा होतो.

बाकीच्या अटी काकूंनीच एकेक करून सोडल्या. महिन्याला पाच जणांची मर्यादा काढली, कारण महिन्यात पाच नवी घरं आणणारी बाई भेटलीच तर तिच्या पाया पडायला हवं, असं त्यांचंच म्हणणं पडलं. लाडवांचा अपवाद गेला. तीनशेची दुसरी अट आणि तीन महिन्यांची मुदतही गेली. त्यांच्या जागी एकच शेवटची तारीख आली, ३१ ऑक्टोबर. तिच्यातही नेमकं काय ते ठरवावं लागलं : नव्या बाईने पहिली ऑर्डर त्या तारखेपर्यंत द्यायची; जुनीचे शंभर मात्र नंतर केव्हाही वापरता येतील. तारीख बोलण्यात आणि चित्रात दोन्हीकडे हवी, हा माझा आग्रह होता. व्हॉट्सअॅपवर हातोहात पुढे गेलेला व्हिडिओ परत बोलावता येत नाही. योजना संपल्यावरही तो कुणाच्या तरी माहेरच्या ग्रुपवर फिरतच राहतो.

आता मजकूर लिहायचा होता, आणि या प्रकारच्या व्हिडिओतली खरी मेख इथेच आहे. बहुतेक जण सुरुवात अशी करतात : "तुमच्या मैत्रिणीला सांगा आणि मिळवा शंभर रुपये." बोलायला छान आहे. पण समजा, हा व्हिडिओ बघून एक जुन्या ग्राहक, सुधाकाकू, तो पुढे पाठवणार ओळखीतल्या नेहाला. नेहा तो उघडते आणि ऐकते, "तुमच्या मैत्रिणीला सांगा." ती अजून ग्राहकच नाही, सांगणार कुणाला आणि काय? पुढे जेव्हा "तुम्हाला पहिल्या ऑर्डरवर शंभर रुपये सूट" असं येतं, तेव्हा तोच "तुम्ही" गुपचूप दुसऱ्या माणसाकडे गेलेला असतो. योजनेत माणसं दोन आणि बघणारेही दोन्ही बाजूंचे. म्हणून मी "तुम्ही" हा शब्दच काढून टाकला आणि दोन बायका उभ्या केल्या. डावीकडे सुधाकाकू, हिरवी साडी. उजवीकडे नेहा, पिवळा कुडता. शेवटपर्यंत कुणीही आपली बाजू सोडायची नाही आणि रंगही बदलायचा नाही. जो बघेल तो स्वतःला दोघींपैकी एकीच्या जागी ठेवून घेतो, त्याला सांगावं लागत नाही.

मजकूर शेवटी असा झाला :

"या सुधाकाकू. आमच्याकडून नेहमी भाजणी नेतात. आणि ही नेहा. हिने आमच्याकडून अजून काहीच घेतलेलं नाही. नेहा पहिल्यांदा ऑर्डर देते, कमीत कमी पाचशे रुपयांची. ऑर्डर देतानाच लिहिते, सुधाकाकूंनी सांगितलं, आणि काकूंच्या फोनचे शेवटचे चार आकडे. नेहाच्या बिलातून लगेच शंभर रुपये कमी. नेहाच्या घरी माल पोचला. आता सुधाकाकूंच्या नावावर शंभर रुपये जमा. हे रोख मिळत नाहीत. सुधाकाकू पुढच्या वेळी माल मागवतील, तेव्हा त्यांच्या बिलातून शंभर कमी. नाव नंतर सांगितलं तर चालत नाही. ३१ ऑक्टोबरपर्यंत दिलेल्या पहिल्या ऑर्डरसाठी."

मराठी निवांत बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द जातात. त्या हिशेबाने हा मजकूर चाळीसएक सेकंदांचा होतो, आणि थांबण्याच्या जागा धरून पन्नास. त्या थांबण्याच्या जागा मी कुणालाही कापू देत नाही. वाक्य संपल्यावर बघणाऱ्याला ते आत घ्यायला क्षणभर मिळाला नाही तर पुढचं वाक्य आधीच्या वाक्यावर येऊन पडतं. काकूंच्या मुलाला तीस सेकंद हवे होते. मी म्हटलं, तीस सेकंदांचा दोनदा बघावा लागला तर साठ झाले.

चार आकड्यांबरोबर नावही का, हे विचारलं गेलंच. काकूंकडे तीनेकशे ग्राहक आहेत. चार आकड्यांच्या दहा हजारच शक्यता असतात, त्यामुळे तीनशे नंबरांत चार-पाच जोड्यांचे शेवटचे आकडे सारखे निघणं अगदी सहज शक्य आहे. नुसत्या आकड्यांवर गेलो तर कधीतरी शंभर रुपये भलतीच्या नावावर पडायचे. आणि नुसतं नाव घ्यावं, तर इंदूरच्या मराठी वस्तीत सुधा आणि मंगला किती आहेत ते काही मोजायला नको. दहा आकडी नंबर मागणंही नको, टाइप करताना एखादा आकडा हमखास चुकतो.

चित्रीकरण साधं होतं. उभी चौकट, १०८० बाय १९२०. काकूंच्याच ओट्यावर डबे मांडून, खिडकीच्या उजेडात. दोन भूमिका शेजारच्या दोघींनी केल्या. ज्या दोन गोष्टी जवळून दाखवायच्या ठरल्या होत्या त्यांवर मात्र वेळ घातला.

पहिली म्हणजे नेहाचा मेसेज. फोनच्या पडद्यावर अक्षरं उमटताना दिसतात : "भाजणी २ किलो, चकली अर्धा किलो. सुधाकाकूंनी सांगितलं, ४४१७." मग बोट पाठवण्याच्या बाणावर येतं. नाव आणि आकडे बाण दाबण्याच्या आधी लिहायचे, हे यापेक्षा स्पष्ट कसं सांगणार? "ऑर्डरच्या वेळी संदर्भ नमूद करावा" असं वाक्य चौकटीत टाकलं असतं तर कुणी वाचलंही नसतं.

दुसरी म्हणजे सुधाकाकूंचं पुढचं बिल. मुलाला तिथे नोटांचा पाऊस पाडायचा होता. त्याच्याकडे त्याचं तयार अॅनिमेशनही होतं. पण नोट दिसली की माणूस नोटच मागणार, मग तोंडाने "रोख मिळत नाही" म्हणून काय उपयोग? डोळ्यांनी बघितलेलं कानांनी ऐकलेल्याला हरवतं. म्हणून आम्ही काकूंच्या नेहमीच्या बिलबुकातलं खरं पान घेतलं. एकूण ६४०. त्याखाली काकू पेनाने लिहितात "जमा १००", रेघ मारतात आणि खाली ५४० लिहून गोल करतात. एवढाच शॉट, पाचेक सेकंदांचा. सबंध व्हिडिओत लोकांना पक्का आठवतो तो हाच.

पहिलं कच्चं रूप तयार झालं की मी ते ज्यांनी योजनेबद्दल काहीही ऐकलेलं नाही अशांनाच दाखवतो. काकूंना, मुलाला, मला स्वतःला ते कळणारच, आम्हाला उत्तर आधीच ठाऊक आहे. दाखवायची पद्धतही ठरलेली : एकदाच दाखवायचं, फोन काढून घ्यायचा आणि मग विचारायचं. "समजलं का?" हा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही, आपल्याकडे समोरच्याचं मन राखायला सगळेच हो म्हणतात. प्रसंग घालून विचारायचं. नेहाने साडेचारशेचा माल घेतला तर काय होईल? तिने नाव लिहायचं विसरून दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं तर? सुधाकाकूंना शंभर रुपये केव्हा मिळाले, आणि कशात?

माझ्या आत्याने, तिच्या भिशीतल्या बायकांनी आणि खाली शिवणकाम करणाऱ्या ताईंनी बघितलं. साडेचारशेचं उत्तर जवळपास सगळ्यांनी बरोबर दिलं. "केव्हा" या प्रश्नाला मात्र बऱ्याच जणी म्हणाल्या, "ऑर्डर दिली की दोघींना लगेच." मजकुरात तर स्वच्छ म्हटलं होतं की माल पोचल्यावर. गडबड चित्राची होती. त्या रूपात नेहाच्या डोक्यावर शंभर येत होते आणि ते तिथेच असताना सुधाकाकूंच्या डोक्यावरही शंभर येत होते, दोन्ही मिळून छान जोडी दिसत होती. दोन गोष्टी एका चौकटीत दिसल्या की त्या एकाच वेळी घडल्या, असंच माणूस धरतो. मग ती जोडी तोडली. नेहाचे शंभर येतात आणि जातात. मधे दाराची घंटी वाजते, पिशवी हातात पडते, नेहा दार लावते. त्यानंतर डावी बाजू उजळते आणि सुधाकाकूंचे शंभर येतात. घंटीचा आवाज मी मुद्दाम ठळक ठेवला. आधीचं आणि नंतरचं यांच्यामधली ती भिंत आहे. हे बदलून नव्या लोकांना दाखवलं, तेव्हा केव्हाचं उत्तर आपोआप येऊ लागलं, एकीने तर "बेल वाजल्यावर" असंच सांगितलं.

नवे लोक म्हणजे नवेच. आत्याला पुन्हा दाखवून उपयोग नव्हता, तिला चूक कुठे होती ते आता माहीत होतं.

दुसरी अडचण शिवणकामवाल्या ताईंच्या उत्तरात सापडली. त्या म्हणाल्या, "पाचशे मिळतात ना?" त्या चौकटीत ५०० आणि १०० हे दोन्ही आकडे होते, आणि ५०० मोठ्या अक्षरांत. तेव्हापासून एका चौकटीत एकच आकडा ठेवला. ५०० च्या खाली "कमीत कमी ऑर्डर" हे शब्द त्याच आकाराचे. १०० येण्याआधी ५०० पूर्ण पुसलं जातं.

अटी बारीक अक्षरांत तळाशी टाकायची सवय बऱ्याच जाहिरातदारांना असते. तिथे कायदाही आड येतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा मूळ दाव्याच्याच भाषेत आणि त्याच फॉन्टमध्ये हवा, आणि त्याने मुख्य दावा खोटा पाडता कामा नये. काकूंच्या एवढ्याशा धंद्याकडे कोण बघायला येणार, असं मुलगा म्हणालाच. पण माझं कारण वेगळं होतं. ज्या अटीवरून भांडण होऊ शकतं, ती तळाशी लपवली तर भांडण काकूंच्याच दारात येणार. म्हणून पाचशे, ऑर्डर देतानाच नाव, रोख नाही आणि तारीख, या चारही गोष्टी बोलून दाखवल्या. तळाशी काहीच नाही.

अक्षरांचं थोडं सांगायला हवं. व्हॉट्सअॅपवरून गेलेला व्हिडिओ दाबला जातो आणि बारीक अक्षरं फुटतात, देवनागरीच्या मात्रा आणि रफार सगळ्यात आधी. मी 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा 'मुक्त' हा फॉन्ट जाड वजनात वापरला, एका ओळीत चार-पाच शब्द, आणि चौकटीचा खालचा पाचवा भाग रिकामा सोडला, कारण रील म्हणून टाकलं की तिथे नाव आणि मजकूर येऊन बसतो. तपासण्यासाठी स्वतःलाच व्हिडिओ पाठवून पुढे पाठवला, पुन्हा पुढे पाठवला, आणि जुन्या लहान फोनवर हात लांब करून वाचून बघितला. एडिटिंगच्या मोठ्या पडद्यावर सगळंच छान दिसतं.

शिवाय दोन चाचण्या अपुऱ्या साधनांनी केल्या. एकदा आवाज बंद करून, कारण ऑफिसात किंवा बसमध्ये लोक तसंच बघतात. आणि एकदा फोन ओट्यावर पालथा ठेवून, कारण पोळ्या लाटताना बायका फक्त ऐकतात. आवाज बंद असताना "नाव नंतर सांगितलं तर चालत नाही" हे कळत नव्हतं. तिथे मेसेज पाठवल्यानंतर आकडे लिहिणारी नेहा दाखवली आणि वर लाल फुली मारली. नुसतं ऐकताना बिलाचा शॉट वाया जातो, पण मजकुरात "बिलातून शंभर कमी" आहे, तेवढ्यावर निभावतं.

व्हिडिओ गेल्यानंतर काकूंना फोन आले नाहीत असं नाही. पण योजना काय आहे असं विचारणारे फोन थांबले आणि वेगळेच सुरू झाले. "माझ्या सासूबाई ग्राहक आहेत, मी त्याच घरात राहते, मी नवीन का?" "दोघींनी मला सांगितलं, नाव कुणाचं लिहू?" हे प्रश्न मुलाला व्हिडिओत घालायचे होते. मी नको म्हटलं. शंभरातल्या पाच जणींचा प्रश्न सोडवायला उरलेल्या पंच्याण्णव जणींना दहा सेकंद जास्त बसवायचं कशाला? त्यांची उत्तरं काकूंच्या व्हॉट्सअॅपवर तयार करून ठेवली, विचारलं की पाठवायची. नवीन म्हणजे नवा पत्ता. नाव एकाचंच, जे आधी लिहिलं जाईल ते.

आवाज मी तुकड्यांत ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे, दर वाक्याची वेगळी फाइल. बेसन आणि तेल महागलं की पाचशेची सीमा वर सरकवावी लागेल, हे काकूंना हिशेबावरून कळलंच आहे. तेव्हा तेवढं एक वाक्य, ती एक चौकट आणि तारीख बदलायची. जुना व्हिडिओ फिरत असणारच, त्यामुळे नव्यात सुधाकाकूंची साडी निळी करायची असं ठरवलंय. कुणी "व्हिडिओत तर पाचशे म्हटलंय" असं म्हणालं तर काकू एवढंच विचारतील, की साडी हिरवी होती का निळी.